रक्तदानाची भीती आणि तीन मिनिटांची चित्रफीत

‘काहीही होत नाही, घाबरू नका.’ रक्तदानाच्या प्रचारासाठी केलेल्या चित्रफितींत हे वाक्य हमखास ऐकू येते. पार्श्वभूमीला जोशपूर्ण संगीत असते, हसरे चेहरे असतात आणि शेवटी लाल थेंबाचे चित्र येते. पाहणाऱ्याच्या मनातली शंका मात्र जिथल्या तिथे राहते. सुई टोचली की दुखते हे त्याला ठाऊक असते आणि मागच्या शिबिरात शेजारचा मुलगा भोवळ येऊन खुर्चीवरून घसरला होता, हेही त्याने पाहिलेले असते. जे डोळ्यांनी पाहिले ते होतच नाही असे पडद्यावरचा माणूस सांगू लागला, की त्याच्या पुढच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

म्हणून रक्तदानाची चित्रफीत तयार करताना पहिला निर्णय शब्दांचा घ्यावा लागतो. महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा एखाद्या मंडळाच्या शिबिरात, नोंदणीच्या रांगेसमोर दाखवण्यासाठी तीन मिनिटे पुरेशी असतात. संथ लयीत बोलल्यास तेवढ्या वेळात सुमारे साडेतीनशे शब्द बसतात. इतक्या शब्दांत दहा गैरसमज खोडून काढण्याचा हट्ट धरला, तर एकही नीट खोडला जात नाही. चार भीती निवडाव्यात, प्रत्येकीत खरे किती हे आधी मान्य करावे आणि मग काय होते, किती वेळ होते व ते कसे ओळखायचे हे शांतपणे सांगावे.

सुईच्या बाबतीत हे सोपे आहे. ‘मुळीच दुखत नाही’ याऐवजी निवेदकाने म्हणावे : ‘सुई आत जाताना दोन-तीन सेकंद चिमटा काढल्यासारखे वाटेल. त्यानंतर हात जड वाटेल, पण दुखणार नाही. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरते. दुखणे वाढत गेले किंवा बोटांपर्यंत मुंग्या आल्या, तर लगेच सांगा. सुई काढली जाईल.’ या ओळींतले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. मुंग्या येणे किंवा वीज चमकल्यासारखी कळ जाणे म्हणजे सुई मज्जातंतूच्या जवळ गेल्याची खूण असते. असे क्वचित घडते; परंतु काय सांगायचे ते दात्याला आधीच माहीत असेल, तर तो ओठ दाबून सोसत बसत नाही.

याहून खोल भीती अशक्तपणाची. ‘रक्त दिले की अंगातली ताकद जाते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि ते सांगणारी बहुधा आई किंवा आजी असते. तिला वेड्यात काढून चालत नाही, कारण शरीरातून काहीतरी जाते हे खरेच आहे. किती जाते आणि ते कधी भरून येते, एवढेच सांगायचे असते. येथे बहुतेक चित्रफिती घसरतात. ‘चोवीस तासांत रक्त भरून येते’ असे त्या ठोकून सांगतात. त्यात एक तृतीयांश सत्य आहे. रक्त भरून येण्याची घड्याळे तीन आहेत आणि ती वेगवेगळ्या गतीने चालतात.

एक उदाहरण घेऊ. दात्री एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आहे, वजन ५२ किलो, हिमोग्लोबिन १३. तिच्या शरीरात साधारण साडेतीन लिटर रक्त असते. वजन ४५ किलोंपेक्षा कमी असलेल्यांचे रक्त घेत नाहीत आणि ४५० मिलिलिटरची मोठी पिशवी ५५ किलोंहून अधिक वजनाच्या दात्यांसाठीच असते. म्हणून तिच्याकडून ३५० मिलिलिटर घेतले जाते. म्हणजे तिच्या रक्ताचा सुमारे दहावा भाग. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. त्याने तेवढीच पिशवी दिली, तर त्याचा चौदावा भाग जातो. पिशवी एकच असली तरी ती दोघांना सारखी नसते, हे चित्रफितीने मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

आता तीन घड्याळे. पहिले द्रवाचे. रक्तातले पाणी आणि त्यातील द्रवभाग दिवस-दोन दिवसांत भरून येतो. तिने पाणी, ताक, सोलकढी जे काही प्यायले असेल त्यातूनच हे होते. चोवीस तासांची गोष्ट सांगितली जाते ती या घड्याळाची. दुसरे तांबड्या पेशींचे. अस्थिमज्जा नव्या पेशी तयार करते, पण त्याला काही आठवडे लागतात. साधारण एक ते दोन महिने धरावेत. या काळात रोजच्या कामात फरक जाणवत नाही, मात्र धावण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याला किंवा फुटबॉलपटूला पहिले काही आठवडे दम लवकर लागू शकतो. तिसरे घड्याळ लोहाचे आहे आणि ते सर्वांत संथ आहे.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. या विद्यार्थिनीच्या ३५० मिलिलिटर रक्तात सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅम हिमोग्लोबिन गेले, म्हणजे त्यासोबत जवळजवळ १५५ मिलिग्रॅम लोह गेले. रोजच्या जेवणातून शरीर एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते आणि त्यातला मोठा भाग रोजची झीज व मासिक पाळी यांतच खर्च होतो. साठा कमी झाला की आतडी थोडे अधिक लोह ओढून घेतात, हा शरीराचा शहाणपणा. तरीही खर्च वजा जाता रोज एक मिलिग्रॅम शिल्लक पडत आहे असे धरले, तर ते १५५ मिलिग्रॅम परत साठायला पाच महिने लागतील. भारतातील नियमाप्रमाणे दोन रक्तदानांत पुरुषांसाठी किमान ९० आणि स्त्रियांसाठी किमान १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्यामागे हाच हिशेब आहे. किमान अंतर हे लक्ष्य नव्हे, हेही यावरून दिसते. वर्षातून एक-दोनदा रक्त देणाऱ्या निरोगी तरुणीला आहारातून भरपाई जमते. दर चार महिन्यांनी न चुकता देणाऱ्या स्त्रीने मात्र डॉक्टरांशी लोहाच्या गोळ्यांविषयी बोलून घेणे बरे.

चित्रफितीत एवढे आकडे येणार नाहीत, येऊही नयेत. त्यातून निघणाऱ्या ओळी अशा असतील : ‘आज तुमच्या रक्ताचा दहावा ते चौदावा भाग घेतला जाईल. पाणी दोन दिवसांत भरून येते. पेशी महिन्या-दोन महिन्यांत. लोहाला काही महिने लागतात, म्हणूनच पुन्हा बोलावताना आम्ही तीन-चार महिने थांबतो.’ या ओळी ऐकणारी आजी मान हलवील, कारण ‘काहीतरी जाते’ हे तिचे म्हणणे त्यात मान्य केलेले आहे.

अशक्तपणा आणि भोवळ या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकच असतात. त्या वेगळ्या आहेत हे समजावणे ही या चित्रफितीची खरी कसोटी आहे. रक्तदानात ज्यांना भोवळ येते, त्यांच्यातील बहुतेकांना ती रक्त कमी पडल्यामुळे येत नाही. काहींना तर सुई टोचण्यापूर्वीच, नुसती पिशवी पाहून येते. हा मज्जासंस्थेचा प्रतिक्षेप असतो. भीती, रक्ताचे दर्शन, उपाशी पोट, कोंदट सभागृह यांतले काहीतरी निमित्त होते. हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा काही क्षण कमी पडतो. खऱ्या रक्तस्रावात याच्या उलट नाडी जलद चालते. म्हणून अनुभवी परिचारिका प्रथम मनगट धरते. नाडी संथ लागली की ती निर्धास्त होते, दात्याला आडवे करते, पाय उंच करते आणि बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग परततो.

ही भोवळ सांगून येते. जांभया सुटतात, ओठ फिकट पडतात, कपाळावर थंड घाम येतो, मळमळते, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात. तरुण, कमी वजनाचे आणि पहिल्यांदा रक्त देणारे यांना ती अधिक येते. म्हणजे महाविद्यालयीन शिबिरात बसलेले जवळजवळ सगळेच. त्यांच्यापुढे हा विषय टाळणाऱ्या चित्रफितीने नेमके ज्यांना सांगायचे त्यांनाच सांगितले नाही, असे होते. भोवळीचा उल्लेख केला तर मुले घाबरतील, अशी आयोजकांची समजूत असते. परंतु ज्याला खूण आणि उपाय ठाऊक असतो, तो आपल्याला काहीतरी भयंकर होत आहे असे समजून आणखी घाबरत नाही.

उपाय साधे आहेत. रक्तदानापूर्वी चार तासांच्या आत काही खाल्लेले असावे. उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये. सुमारे अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्यावे. पाण्याने रक्तवाहिन्या काही काळ आवळल्या जातात आणि रक्तदाब सावरून धरला जातो. दुसरा उपाय स्नायूंचा. खाटेवर असताना पायांची कात्री करून मांड्या आणि पोटऱ्या पाच सेकंद घट्ट आवळाव्यात, सोडाव्यात, पुन्हा आवळाव्यात. सुई असलेला हात मात्र सैल ठेवावा. पायांत साचू पाहणारे रक्त त्यामुळे वर ढकलले जाते. पडद्यावर ही कृती दाखवता येते आणि पाहणारे बसल्या जागी करूनही बघतात. छापील पत्रकाला जे साधत नाही ते चित्रफितीला येथे साधते. अर्थात, हे सारे करूनही काहींना भोवळ येतेच. त्यांच्यासाठी निवेदनातील ओळ अशी : ‘डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर उठू नका. “मला गरगरते” एवढेच म्हणा आणि पडून राहा.’

खाटेवरची भोवळ सहसा निरुपद्रवी असते, कारण पडायला जागाच नसते. धोका आहे तो उशिरा येणाऱ्या भोवळीचा. दाता उठतो, बिस्कीट हातात घेऊन फोनवर बोलत बाहेर पडतो आणि जिन्यात, स्वच्छतागृहात किंवा उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीपाशी खाली कोसळतो. इजा होते ती अशा वेळी. गोव्यात शिबिराला येणारे बहुतेक तरुण दुचाकीवरून येतात आणि मे महिन्याच्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी आधीच गेलेले असते. म्हणून अल्पोपाहाराच्या टेबलापाशी दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात तो केवळ पाहुणचार नसतो, ती देखरेख असते. चित्रफितीने हे स्पष्ट सांगावे : ‘सरबत आम्ही आदराने देतो, पण तुम्हाला बसवतो ते तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. पंधरा मिनिटे द्या. दुचाकीवर बसण्यापूर्वी एकदा उभे राहून बघा.’ लांब पल्ल्याची वाहने चालवणारे, विमानातील कर्मचारी आणि जड वा जोखमीचे काम करणारे यांनी पुढचे चोवीस तास ते काम करू नये, असा नियमच आहे. नारळावर चढणाऱ्या पाडेल्यालाही अर्थातच हे लागू आहे.

चौथी भीती सहसा कोणी बोलून दाखवत नाही : नाकारले जाण्याची. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. हे द्रावण मोरचुदाचे असते. पोफळीच्या बागेत बुरशीवर फवारण्यासाठी बागायतदार चुन्यासोबत जे वापरतो तेच मोरचूद. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ इतके ठेवलेले असते. थेंबात हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून अधिक असेल, तर तो जड असल्यामुळे पंधरा सेकंदांत तळाला जातो. कमी असेल तर मध्येच रेंगाळतो किंवा वर येतो. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती नेमका आकडा देत नाही. थेंबात हवेचा बुडबुडा शिरला किंवा बोट फार पिळले, तरी ती फसते. आता अनेक ठिकाणी छोटे अंकदर्शक यंत्र वापरतात.

थेंब तरंगला की दात्याला ‘रक्त कमी आहे, चालणार नाही’ एवढे सांगून परत पाठवले जाते. हा प्रसंग सर्वाधिक येतो तो स्त्रियांवर. मैत्रिणींसमोर परत फिरावे लागले की ती मुलगी पुढच्या शिबिराला येत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला पांडुरोग असू शकतो हे कळूनही ती पुढे काही करत नाही. चित्रफितीतील दोन ओळींनी येथे मोठा फरक पडू शकतो : ‘थेंब तरंगला, तर तुमचे रक्त वाईट आहे असा अर्थ नाही. आज ते तुम्हालाच हवे आहे. आकडा लिहून घ्या आणि तुमच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा.’ त्यापुढे घरगुती सल्ल्याचा मोह आवरावा. बीटाचा लाल रंग हिमोग्लोबिनचा नव्हे आणि त्यात लोहही बेताचेच असते. मासे, मटण यांतील लोह शरीर सहज घेते; कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह घेण्यासाठी लिंबू, आवळा किंवा पेरू सोबत असावा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. पांडुरोग झालेला असेल, तर मात्र केवळ आहार पुरत नाही, गोळ्या लागतात. पाळी चालू असलेल्या दिवसांत रक्त देऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यात अपवित्रतेचा काहीही संबंध नाही, हेही एका वाक्यात सांगून टाकावे.

रोग लागण्याच्या भीतीला उत्तर थोडक्यात देता येते. सुई आणि पिशवी एकाच बंद, निर्जंतुक संचाचा भाग असतात. सुईचे टोपण दात्यासमोर काढतात आणि वापर झाल्यावर ती नष्ट करतात. रक्त देणाऱ्याला त्यातून एचआयव्ही किंवा कावीळ होण्याचा मार्गच नाही. परंतु ही भीती उलट दिशेने पाहिली, तर तीत तथ्य आहे आणि त्याविषयी चित्रफिती सहसा बोलत नाहीत. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरीही संसर्ग झाल्यानंतर काही दिवस असे असतात, की विषाणू रक्तात असतो पण चाचणीत सापडत नाही. त्या दिवसांत रुग्णाचे रक्षण दात्याच्या खऱ्या उत्तरांनीच होते. म्हणून प्रश्नावलीत गेल्या वर्षभरात गोंदवून घेतले का, असे विचारतात. किनाऱ्यावर हौसेने गोंदवून घेणाऱ्यांनी बारा महिने थांबायचे असते. ‘फुकट तपासणी होईल’ म्हणून रक्त देण्याचे आमंत्रण काही प्रचारकी ओळींत दिले जाते, ते तर अत्यंत चुकीचे. ज्याला संसर्गाची शंका आहे, त्याने तपासणी केंद्रात जावे. तेथे तपासणी मोफत आणि गोपनीय होते. निवेदकाचा स्वर येथे सर्वांत शांत हवा : ‘एखाद्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे अवघड वाटत असेल, तर आज रक्त देऊ नका. कारण कोणीही विचारणार नाही.’

‘रक्त विकतात’ ही तक्रारही रांगेत ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. रुग्णाकडून जेथे शुल्क घेतात, ते पिशवी, चाचण्या, घटक वेगळे करणे आणि शीतसाठवण यांचे असते व त्याला कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक निघतात. तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट मात्र अवघे पाच दिवस. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले की बांबोळीच्या गोमेकॉसारख्या रुग्णालयात, जेथे सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही रुग्ण येतात, प्लेटलेटची गरज वाढते. आणि १४ जूनच्या रक्तदाता दिनी भरलेल्या पिशव्यांतील प्लेटलेट जुलैच्या त्या रुग्णाला उपयोगी पडत नाहीत. एकाच दिवशी प्रचंड शिबिर भरवण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे दाते येत राहणे रक्तपेढीला का हवे असते, हे एवढ्यावरून कळते.

चित्रफितीतील अखेरची ओळ बहुधा आभाराची असते. तिच्याआधी आणखी एका ओळीसाठी जागा ठेवावी : ‘घरी गेल्यावर येत्या काही दिवसांत ताप आला, कावीळ दिसली किंवा एखादे उत्तर चुकले असे आठवले, तर या क्रमांकावर कळवा.’ आणि क्रमांक पडद्यावर पुरेसा वेळ राहू द्यावा, उतरवून घेता येईल इतका. दात्याचा तो फोन वेळेवर आला, तर त्याची पिशवी अजून शीतकपाटातच असते आणि ती बाजूला काढून ठेवता येते.